सावळा चेहरा गोरा करणे ही दुरुस्ती नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यांच्या निरोप समारंभाची बातमी आपल्या अंकात वाचली. पाहुण्यांची नावे होती, दीपप्रज्वलनाचा फोटोही होता. पण सरांच्या भाषणाबद्दल एक ओळ नव्हती. माझी नात त्याच तुकडीत होती, म्हणून मी ते ऐकले. नागपूरच्या महाल भागात पस्तीस वर्षे स्टुडिओ चालवलेल्या माणसाला ते आत कुठेतरी लागले, म्हणून हे पत्र.

सरांनी पडद्यावर एकच फोटो लावला. लग्नाच्या बायोडाटासाठी काढलेला. सावळी मुलगी, नारिंगी साडी, गळ्यात सोन्याची साखळी, मागे पांढरा पडदा. चेहरा पार काळवंडलेला. सर म्हणाले, “ही मुलगी एवढी काळी नाही. हे कॅमेऱ्याने केले आहे.” कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे धरून चालतो. मागे पांढरे भरपूर असले की त्याला उजेड जास्त वाटतो, तो एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, कमी करतो आणि चेहरा अंधारात जातो. सरांनी एक्स्पोजर जेमतेम एक स्टॉप वाढवले. मुलगी सावळीच राहिली, पण तिच्या कपाळावर, गालावर उजेड आला. “इथपर्यंत दुरुस्ती,” ते म्हणाले.

मग त्यांनी सॉफ्टवेअरमधल्या रंगांच्या यादीतून ऑरेंज निवडला आणि त्याचा ल्युमिनन्स, म्हणजे त्या रंगाचा उजळपणा, वाढवला. माणसाची त्वचा गोरी असो की सावळी, तिचा रंग बहुतेक या नारिंगी पट्ट्यातच येतो. त्यामुळे एका खटक्यात मुलगी गोरी झाली. “आता साडी बघा,” सर म्हणाले. साडी दहा वेळा धुतल्यासारखी विटलेली, साखळीतले सोने फिके. चोरी पकडायची ती अशी. कोणी हुशारीने मास्क लावून फक्त चेहऱ्याचाच भाग उजळला, तर कान, मान आणि हाताची बोटे खरे सांगतात.

डागांबद्दल त्यांचा नियम सोपा होता. पंधरा दिवसांत आपोआप जाईल ती पुटकुळी खुशाल काढा. तीळ, जन्मखूण, देवीचे व्रण हे त्या माणसाचे आहेत. त्याने स्वतः म्हटल्याशिवाय हात लावू नका. त्याच्या आईने म्हटले तरी नाही.

एका मुद्द्यावर माझे सरांशी जुळत नाही. डोळ्यांखालची काळी वर्तुळेही तशीच ठेवा, असे ते म्हणाले. पण लाइट डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. ती वर्तुळांत मिसळते आणि माणूस आजारी दिसतो. ती सावली आपल्या लाइटची आहे, त्याची नाही. तेवढी उचलायलाच हवी.

एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, गिऱ्हाईकच म्हणते, पोरगी थोडी उजळ करून द्या ना भाऊ. मग काय करायचे?” सर म्हणाले, आधी एक्स्पोजर नीट केलेला फोटो मूळ फोटोशेजारी ठेवून दाखवा. पुष्कळांना ‘उजळ’ म्हणजे तेवढेच हवे असते. आणि पहिल्या फ्रेममध्ये तिच्या हातात ग्रे कार्ड, म्हणजे मध्यम करड्या रंगाचा पुठ्ठा, द्या, म्हणजे खरा रंग कोणता यावर वाद उरत नाही.

आमच्या काळी हेच काम पेन्सिलने व्हायचे. निगेटिव्हवर रिटचिंगचे मीडियम चोळायचे, म्हणजे पेन्सिल धरते. मग सुईसारखे टोक काढून सुरकुत्या, डाग भरत जायचे. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल चढते तिथे प्रिंट उजळते. डाग भरता भरता मी पूर्ण गाल भरू लागलो आणि त्याचे मला काही वाटेनासे झाले. एकदा एक मुलगी वडिलांबरोबर प्रिंट न्यायला आली. तिने फोटो काउंटरवर ठेवला, शेजारी स्वतःचा हात ठेवला आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली. वडील म्हणाले, “छान आलाय.” ती काही बोलली नाही. सरांनी फोटोतला हात दाखवला तेव्हा मला तो हात आठवला.

समारंभानंतर घरी येऊन मी मुलाला आमचा प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या दुरुस्त्यांचा संच, उघडायला लावला. फोटो कॉम्प्युटरवर उतरतानाच तो सगळ्यांना लागतो. एकेका चेहऱ्याचा वेगळा विचार कोणी करतच नाही. त्यात ऑरेंजचा ल्युमिनन्स +25 वर होता. कधी कोणी ठेवला, त्यालाही आठवेना. लग्नसराईतल्या शेकडो चेहऱ्यांना तो लागलेला होता. नातीने तो शून्यावर आणला आणि प्रीसेट पुन्हा सेव्ह केला. शहरातल्या इतर स्टुडिओवाल्यांनीही आपापले प्रीसेट एकदा उघडून पाहावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक जुना स्टुडिओवाला, महाल, नागपूर