पहिल्या रात्रीची गाणी

पिल्ला,

सामानाची यादी आईने केलीये, त्यात मी लुडबुड करत नाही. मी फक्त गाण्यांचं सांगतो, इतकी वर्षं लोकांच्या कार्यक्रमांना साउंड लावलाय त्यामुळे तेवढं मला नक्की कळतं. नव्या फ्लॅटवर पहिल्या रात्री एकटी असशील तेव्हा काय लावायचं, कधी लावायचं आणि कुठे थांबायचं, एवढंच लिहितोय.

आत गेल्यावर लगेच गाणी लावू नकोस. दार लाव, पंखा बंद कर आणि दहा मिनिटं नुसती बसून ऐक. फ्रिज मधेच घुरघुरतो आणि बंद होताना एक झटका देतो, वरच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की भिंतीतल्या पाइपातून सूं करत पाणी जातं, लिफ्टचं दार आपटतं, खिडकीची काच वाऱ्याने थरथरते. हे सगळं उजेडात एकदा ओळखून ठेव, कारण रात्री एक वाजता तोच झटका ऐकू आला की "हां, फ्रिज" असं मनात आलं पाहिजे. हेडफोन घालून झोपू नकोस म्हणतो ते पण यासाठीच, कानात बोळे घातल्यासारखं झालं की घराचे आवाज ओळखीचे होतच नाहीत आणि दारावर कोणी आलं तरी कळत नाही.

मग खोलीच्या मधोमध उभी राहून एक जोरात टाळी वाजव. रिकाम्या खोलीत टाळीमागून टर्रर्र असा आवाज येईल, समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत राहतात त्याचा तो. अशा खोलीत मोठ्या ऑर्केस्ट्राचं गाणं लावलं की सगळं एकमेकांत मिसळतं, शब्द पुसट होतात, आणि खोली आहे त्याहून जास्त रिकामी वाटायला लागते. म्हणून पहिल्या रात्री एक गळा आणि दोन-तीन वाद्यं एवढीच असलेली गाणी निवड. गादी उघड, चादर टाक, कपड्यांच्या बॅगा उघड्या ठेव, कपाटात कपडे लावलेस तर कपाटाचं दार उघडंच राहू दे, मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, परत टाळी वाजवलीस की फरक कळेल. स्पीकर लांब कोपऱ्यात ठेवून मोठा करण्यापेक्षा हाताच्या अंतरावर ठेव आणि बारीक लाव, म्हणजे भिंतीवरून परत येणाऱ्या आवाजापेक्षा सरळ येणारा आवाज जास्त पडतो. आणि शेजाऱ्यांच्या भिंतीला चिकटवू नकोस, खाली घडी घातलेला टॉवेल ठेव, कारण भिंतीतून आणि फरशीतून पलीकडे जातो तो बेस. पहिल्याच रात्री कोणी दार वाजवायला नको.

आता गाणी. संध्याकाळी सामान लावताना तुला जे आवडतं ते लाव, नाचायची गाणी लाव, त्यात मी काही सांगत नाही. फक्त एक, आपल्या घरातली गाणी, म्हणजे आई काम करताना गुणगुणते ती आणि तुझ्या लहानपणी गाडीत लागायची ती, हातात काम असतानाच ऐकून घे. टाळू नकोस अजिबात, गादीला चादर घालता घालता ऐक, रडू आलं तर येऊ दे, हात चालू असले की ते येतं आणि जातं. पण दिवा घालवून आडवं झाल्यावर तीच लावलीस तर मनाला दुसरं काही करायलाच नसतं, मग झोप गेलीच समज.

दिवा घालवायच्या आधी अर्धा-पाऊण तास लय खाली आण. घड्याळ बघून पंधरा सेकंद गाण्याचे ठोके मोज आणि चारने गुण, साठ ते ऐंशीच्या मध्ये आलं तर चालेल. शंभरच्या वरचं काही ठेवू नकोस, शब्द कितीही हळवे असले तरी. आठ-दहा गाणी पुरतात. क्रम तू स्वतः लाव, शफल बंद, ऑटोप्ले बंद, सगळं आधीच डाऊनलोड केलेलं, कारण नवीन जागी वायफाय बहुतेक नसतंच आणि फुकटच्या ॲपवर डोळा लागता लागता जाहिरात किंचाळते.

आणि मला मुख्य सांगायचंय ते शेवटचं गाणं संपल्यानंतरचं. सगळ्यात अवघड वेळ तीच असते, गाणं थांबतं आणि एकदम सगळी खोली ऐकू यायला लागते. ब्राऊन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, तो पहाऱ्यावर राहतो आणि वेगळा काही आवाज आला की पटकन जागं करतो. नंतर त्याच जागी परत झोपवलं तेव्हा तो फरक राहिला नव्हता. म्हणजे तू घाबरट आहेस म्हणून दचकत नाहीयेस, हे लक्षात ठेव.

अशा वेळी बऱ्याच जणी आवडत्या गाण्याची नुसती धून लावतात, शब्द नकोत म्हणून. ते करू नकोस. २०२१ साली बेलर युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात दिसलं की झोपायच्या आधी ओळखीच्या गाण्याची बिनशब्दांची धून ऐकली तर ती शब्दांच्या गाण्यापेक्षा जास्त डोक्यात अडकते आणि झोप बिघडवते. मला ते पटतं, कारण शब्द काढून घेतले की मन स्वतःच ते भरत बसतं.

म्हणून शेवटी तंबोरा लाव. नुसता तंबोरा, वर काही नाही. प सा सा सा, चार तारा, परत तेच, त्यात चाल नाही म्हणून अडकायला काही नाही आणि मधे गॅप पडत नाही म्हणून फ्रिजचा झटका तितका एकदम अंगावर येत नाही. तंबोऱ्याला वरचे स्वर इतके असतात की फोनच्या चिमुकल्या स्पीकरवरही तो भरलेला वाटतो. पट्टी काळी एक ठेव, काळी चारचा छोट्या स्पीकरवर जरा टोचतो. आवाज किती, तर पंखा चालू असताना जेमतेम ऐकू येईल इतका, कान देऊन ऐकावा लागला तर बरोबर आहे. टायमर लावून मधेच तोडू नकोस, तुटलं की नेमकी जाग येते. ज्याचा आवाज शेवटी हळूहळू उतरत जातो अशी फाईल हवी. लिफ्टसारखा मोठा आवाज यानेही झाकला जाणार नाही, तो ऐकू येणारच, म्हणून तर आधी ओळखून ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या रात्री आवाज एक घर खाली घे, तिसऱ्या रात्री आणखी एक. झोप लागायला लागली की बंद करून बघ, नाही जमलं तर परत लाव, त्यात काही बिघडत नाही.

तासाभराचा तंबोरा मी काळी एकमध्ये रेकॉर्ड केलाय, शेवटची दहा मिनिटं उतरत नेलाय, तो आत्ताच पाठवतोय. निघायच्या आधी इथेच फोनमध्ये उतरवून घे आणि एकदा पूर्ण वाजवून बघ, कुठे खरखर आली तर लगेच सांग, परत करून देतो.

बाबा