गरोदरपणातील फॉलिक ॲसिड आणि लोह: कधी, किती, कशाबरोबर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला गरोदर स्त्रीच्या आहारावरचा लेख वाचला. लेख तळमळीने लिहिलेला आहे, पण त्यातल्या दोन सल्ल्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘दिवस राहिल्याचे कळताच फॉलिक ॲसिड सुरू करावे’ हा एक, आणि ‘रक्त वाढण्यासाठी गूळ, खजूर, बीट आणि आठवड्यातून दोनदा कलेजी’ हा दुसरा. सिंधुदुर्गातल्या एका उपकेंद्रात मी आरोग्य सेविका म्हणून अनेक वर्षे काम केले. हे सल्ले घराघरांत कसे पोचतात आणि पुढे त्यांचे काय होते, हे जवळून पाहिले आहे.

आधी फॉलिक ॲसिड. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते. ती नीट मिटली नाही, तर पाठीचा कणा उघडा राहतो किंवा कवटी तयारच होत नाही. आता तारखा मांडून बघा. समजा, एखादीची पाळी १ जूनला आली. गर्भ राहिला १५ जूनच्या आसपास. म्हणजे नळी मिटायची ती १३ जुलैपर्यंत. पुढची पाळी २९ जूनला यायला हवी होती, ती चुकली. आपल्याकडे आठ-दहा दिवस वाट बघितली जाते, मग घरी चाचणी होते, मग माहेरी कळवणे होते, आणि आशाताईंबरोबर ती नाव नोंदवायला येते ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. तिथे गोळ्या हातात पडतात, पण ज्या कामासाठी त्या मुख्यतः हव्या होत्या, ते काम तीन-चार आठवड्यांपूर्वीच संपलेले असते. म्हणून ही गोळी मूल हवे असे ठरेल तेव्हापासून, निदान एक महिना आधीपासून घ्यायची आणि पहिले तीन महिने चालू ठेवायची. ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमाच्या सूचनाही तेच सांगतात. पण नव्या सुनेला ‘मूल कधी हवंय?’ हे विचारून गोळी देणारे घरात कोणी नसते आणि आरोग्य केंद्रातही क्वचितच असते. दिवस राहिल्यावर उशिरा कळले तरी गोळी सुरू करावीच, कारण रक्ताच्या नव्या पेशी तयार व्हायलाही फॉलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचेच अन्नातले रूप, लागते. फक्त मज्जारज्जूचे संरक्षण तिने झाले असे समजू नये.

मात्रेचाही घोळ आहे. बहुतेकींना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते. औषधाच्या दुकानात ‘फॉलिक ॲसिड द्या’ म्हटले की बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, म्हणजे बारापटीहून जास्त. ती मोठी गोळी आधीच्या बाळाला असा दोष होता अशा बाईसाठी, फिट्सची औषधे घेणाऱ्यांसाठी आणि काही मधुमेही बायकांसाठी असते, आणि ती डॉक्टरांनी ठरवायची असते. पूर्ण शाकाहारी बाईत बी-१२ कमी असण्याची शक्यता मोठी. तिथे नुसते फॉलिक ॲसिड भरपूर दिले तर रक्ताचा रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसतो आणि बी-१२ची कमतरता आतल्या आत नसांवर परिणाम करत राहते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांच्या गटाने मातांमधील बी-१२ आणि फॉलेट यांच्या याच असंतुलनाचा मुलांवर होणारा परिणाम वर्षानुवर्षे अभ्यासला आहे.

फॉलेटच्या शोधाची मुळेही आपल्या मुंबईतच आहेत. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली, ती गरोदर बायकांमधल्या, विशेषतः कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांमधल्या, पंडुरोगाचे कारण शोधायला. यीस्टच्या अर्काने त्यांचे रक्त सुधारते असे तिला दिसले आणि १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुण म्हणजे फॉलेट, हे पुढे कळले. पालेभाज्या, मूग, चवळी, हरभरा, शेंगदाणे यांत ते असते. पण ते पाण्यात उतरते आणि उष्णतेने नासते. पालक चिरून मग धुतला, भरपूर पाण्यात उकळला आणि ते पाणी ओतून दिले, तर बरेचसे फॉलेट मोरीत जाते. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी आणि ते पाणी आमटीत घालावे.

आता लोहाबद्दल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम गुळात लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास आहे. दहा ग्रॅमचा खडा खाल्ला तर अर्धा मिलिग्रॅमही नाही, आणि त्यातलेही शरीरात शोषले जाते ते थोडेच. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून ती रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. गूळ, नाचणी, लोखंडी कढईतली भाजी हे सगळे खावे, चांगलेच आहे. पण कमी झालेले रक्त त्यांच्या भरवशावर भरून निघत नाही.

माझ्याकडे पाचव्या महिन्यात आलेल्या एका मुलीचे हिमोग्लोबिन ८.४ होते. गरोदरपणात ११च्या खाली म्हणजे पंडुरोग. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, त्याखाली तीव्र. म्हणजे ती मध्यम गटात होती. तिची सासू तळमळीने म्हणाली, “सिस्टर, रोज गुळाचो खडो देतंय मी तिका, गोळ्ये पण घेता ती.” मुलीला बाजूला घेऊन मी एकच प्रश्न विचारला: शौचाला काळे होते का? लोहाची गोळी नियमित घेणाऱ्या बाईची शौच काळपट होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. ती ‘नाही’ म्हणाली. मग हळूहळू सगळे बाहेर आले. गोळीने मळमळायचे म्हणून ती दोन दिवसांआड एक घ्यायची. शेजारणीने ‘लोहाच्या गोळ्यांनी मूल काळे होते’ असे मनात भरवले होते. आणि घेतली त्या दिवशी ती गोळी सकाळच्या चहाबरोबर, वर लगेच कॅल्शियमची गोळी.

चहातली द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि कॅल्शियमही त्याच्या शोषणाच्या आड येते. गोळी पोटात जाऊनही तिचा बराच भाग वाया जातो तो असा. डॉक्टरांनी तिला रोज दोन गोळ्या लिहून दिल्या. आम्ही दिवसाची नवी मांडणी केली: सातला चहा, अकराला लिंबूपाण्याबरोबर लोहाची पहिली गोळी, एकला जेवण आणि त्यासोबत कॅल्शियम, चारला दुपारचा चहा, आठला जेवण आणि कॅल्शियमची दुसरी गोळी, आणि दहाला झोपताना लोहाची दुसरी. झोपताना घेतलेल्या गोळीची मळमळ झोपेत निघून गेली. बद्धकोष्ठासाठी पाणी आणि पालेभाजी वाढवली. जंताची गोळी तिला चौथ्या महिन्यात मिळायला हवी होती, ती राहून गेली होती, ती आता दिली. महिन्याने हिमोग्लोबिन ९.५ झाले, आठव्या महिन्यात १०.८. आणि मुलाचा रंग लोहाने ठरत नाही, हे मी सासूच्या समोरच सांगितले, कारण घरातला निर्णय तिच्या हातात होता.

महिन्याभरात निदान १ ग्रॅम वाढ दिसली पाहिजे. गोळ्या खरोखर घेऊनही ती दिसली नाही, तर गोळ्या वाढवत बसू नये, मोठ्या रुग्णालयात पाठवावे. बी-१२ची कमतरता, थॅलेसेमियाचे वाहक असणे, आदिवासी भागात सिकलसेल अशी वेगळी कारणे असू शकतात. दिवस भरत आले असतील आणि रक्त कमीच असेल, तर शिरेतून लोह देण्याची सोय आता जिल्हा पातळीवर आहे.

राहिली कलेजी. तीत लोह आहे, पण गरजेच्या मानाने त्याहून फार जास्त आहे ते तयार स्वरूपातले अ जीवनसत्त्व. त्याची दिवसाची सुरक्षित मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम. बकऱ्याच्या शंभर ग्रॅम कलेजीत त्याच्या दुप्पट किंवा अधिक असते. गरोदरपणाच्या सुरुवातीला, बाळाचे अवयव घडत असताना, ते अति झाले तर व्यंगाचा धोका असतो. मटणाचे चांगले शिजलेले तुकडे खावेत, कलेजी सोडावी. हाच मुद्दा कॉड लिव्हर तेलाच्या कॅप्सूलचा. गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या यांतल्या रंगद्रव्यापासून शरीर गरजेपुरतेच अ जीवनसत्त्व बनवते, तिथे भीती नाही.

आमच्या किनारपट्टीवर मोरीचे कालवण ताकदीचे म्हणून गरोदर आणि बाळंतिणीला आवर्जून दिले जाते. मोरी म्हणजे शार्क, आणि मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो. बाळाच्या मेंदूला तो घातक. मोरी टाळावी, मोठी सुरमई कमी करावी. बांगडा, तारली, बोंबील मात्र खुशाल खावेत, नीट शिजवून. उलट पपईच्या भीतीने पिकलेले फळही घरातून हद्दपार होते. चीक असतो तो कच्च्या पपईत, आणि तीच टाळायची आहे.

पौष्टिक म्हणून कच्चे खाल्लेले मोड आलेले मूग, न तापवलेले दूध, चिकाचे दूध, अर्धे कच्चे अंडे यांतून साल्मोनेला, लिस्टेरिया किंवा ब्रुसेला या जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. मूग वाफवावेत, दूध उकळावे. पण आपल्याकडे मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पाण्याची. पाणीपुरीचे पाणी, उसाच्या रसातला बर्फ, गोळा यांतून हिपॅटायटिस ई येऊ शकतो. इतरांना त्याची कावीळ बहुधा विश्रांतीने बरी होते. शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईचे यकृत मात्र काही दिवसांत निकामी होऊ शकते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली, ती याच विषाणूची होती. नळाच्या पाण्याला वास आला, गावात काविळीचे रुग्ण दिसू लागले, तर गरोदर बाईला उकळून गार केलेलेच पाणी द्यावे. आणि तिची लघवी गडद पिवळी झाली, अन्न नकोसे झाले, उलट्या सुरू झाल्या, तर झाडपाल्याच्या औषधात एक दिवसही न घालवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. सिंधुदुर्ग