आई-बाबा, आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

आई, बाबा,

नमस्कार. बेळगावच्या शहापुरातला तो गाळा मी घेतला. ॲग्रीमेंट झालं, डिपॉझिट दिलं, शिलाईच्या दोन मशीनी हलवल्या पण. तुम्हाला न विचारता केलं म्हणून चार दिवस झोप नाही मला. पण बाबा, विचारलं असतं तर तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवलेले पैसे काढून दिले असते, मला माहितीय ना तुम्ही कसे आहात ते, म्हणून आधी सही केली आणि आता सांगायलेय. कर्ज काढलेलं नाही, आईच्या पाटल्यांना हात लावलेला नाही, भाडं दोन महिन्यांचं बाजूला आहे.

आणि गिऱ्हाईक येणार कुठनं म्हणाल तर ते तुमच्यामुळंच येतंय. तुम्ही बाजूच्या शिलाईत आत एक इंच कापड सोडायचात आणि आई म्हणायची, एवढं कापड का वाया घालवता. मागच्या लग्नसराईत एका घरचे नऊ ब्लाउज होते, गुळेदगुड्डचा खण, आणि घाईत त्यातल्या दोन ब्लाउजचं अस्तर मी भिजवलंच नाही. रात्रभर पाण्यात ठेवून सावलीत वाळवून, थोडं ओलं असतानाच इस्त्री करून मग कापायचं, हे तुम्ही मला दहावीत शिकवलेलं, तरी चुकले. पहिल्या धुण्यात अस्तर आटलं, खण तेवढाच राहिला, मुंढ्याखाली सगळ्या चुण्या पडल्या आणि कमरेत अर्धा इंच कमी. त्या मावशी दारात उभ्या राहून बोलल्या ते बोलल्या. मी एक शब्द बोलले नाही, दोन्ही ब्लाउज पूर्ण उसवले, नवीन अस्तर भिजवून घातलं, तुमचा तो एक इंच आत होता म्हणून कंबर पण सैल करता आली. खणाचा पन्हा मुळात कमी, आत कापड नसतं तर बाहेरनं जोड दिसला असता. शिलाई घेतली नाही, तिसऱ्या दिवशी घरी नेऊन दिले. बाबा, त्याच मावशींनी त्यांच्या दोन नणंदा पाठवल्या, नणंदांनी शेजारच्या पाठवल्या. माझ्या वहीत मापाच्या वर "कोणाकडून आली" असं लिहिते मी, त्या एका घरच्या नावावर आता चौदा जणी आहेत. बोर्ड बघून आलेल्या फक्त तिघी.

एकटीनं होत नाही पण, तेही सांगते. वडगावच्या मागावरचे ते काका (आई, तू त्यांना कुंदा दिलेलास ते) साडी विकली की गिऱ्हाईक माझ्याकडे धाडतात, कमिशन मागत नाहीत, त्यांचं म्हणणं एवढंच की मी सांगितलेल्या तारखेला ब्लाउज मिळाला पाहिजे, नाहीतर त्यांची साडी तशीच कपाटात राहते आणि बोल त्यांना लागतो. आणि आरी वर्कवाल्या दोघी बहिणी. सुरुवातीला शिवणीच्या रेषेवरच मणी यायचे, मशीनखाली सुई तुटायची, एकदा तुकडा उडून कपाळाला लागला (काही झालं नाही आई, लगेच घाबरू नको). आता मी अख्ख्या कापडावर आधी खडूनं कटिंग आखून देते, रेषेपासून अर्धा इंच आत मोकळं ठेवून त्या फ्रेमवर भरतात, मग मी कापते. त्यांचे पैसे दर शनिवारी, माझं बिल आलेलं असो नसो. तुम्ही काज-बटणवाल्या आजींना असंच द्यायचात ना, घरात तेल संपलेलं असलं तरी.

एका मोठ्या दुकानानं दोनशे रेडिमेड ब्लाउज मागितलेले. नाही म्हटलं. पैसे तीन महिन्यांनी देणार होते, तोवर शनिवार कसे भागवू?

निपाणीचं आपलं दुकान बंद करा असं मी म्हणत नाहीये बाबा, खरंच नाही. मी त्या मशीनखालच्या कातरणांवर झोपून मोठी झालेय, तुमचा पाय थांबला की जाग यायची मला. पण तुम्ही आता सुई ओवायला शेजारच्या पोराला हाक मारता हे आईनं सांगितलंय मला.

म्हणून ऐका. पुढच्या सोमवारी मी येतेय, डॉक्टरांची तारीख घेतलीय. ऑपरेशननंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, ड्रॉप्स वेळेवर, आई तू मोबाईलला अलार्म लाव. शुगरची गोळी चुकवायची नाही, नाहीतर तारीख पुढे ढकलतील. भाकरीबरोबर गूळ मी बघितला तर बघा. मग माझ्याकडे राहायला या, गाळ्याच्या मागं खोली आहे, गरम पाण्याचं बघितलंय, आईला चढायला जिना नाही. दिवाळीला मला तिकडं यायला जमणार नाही, तुळशीच्या लग्नानंतरच्या ऑर्डरी आहेत, रागावू नका, तुम्हीच इकडं या.

आणि बाबा, मोठी कात्री बसमधनं कुणाच्या हातानं पाठवू नका. येताना तुम्हीच घेऊन या.

तुमची,
बाळी