लाइट परत आली की एमसीबी का पडतो?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात वादळवाऱ्यामुळे होणाऱ्या विजेच्या लपंडावाबद्दल आपल्या अंकात वाचकांच्या तक्रारी येत असतात. लाइट परत येताना 'व्होल्टेज वाढून' उपकरणे बिघडतात आणि एमसीबी पडतात, असा त्यातला बहुतेकांचा समज दिसतो. व्होल्टेज वाढत नाही असे मी म्हणणार नाही. पण पुष्कळदा व्होल्टेज अगदी बरोबर असते आणि दोष असतो तो उपकरणातला सुरुवातीचा झटका आवरणाऱ्या, पण तापलेल्या एनटीसी थर्मिस्टरचा. त्याच्याविषयी कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या वस्तीतल्या एका कॉम्प्युटर क्लासचे उदाहरण घेतो. बॅटऱ्या संपलेले यूपीएस काढून टाकल्यामुळे सहा कॉम्प्युटर थेट लाइनवर चालतात. खोलीला सी-१६ एमसीबी आहे. सकाळी मुले एकेक करून कॉम्प्युटर सुरू करतात, तेव्हा काही होत नाही. दुपारी लाइट जाऊन दहा-पंधरा सेकंदांत परत आली, की एमसीबी पडतो; तोही दर वेळी नाही. वायरमनने सगळे तपासले, शॉर्ट कुठेच सापडला नाही. शेवटी त्याने बत्तीसचा एमसीबी बसवायचा सल्ला दिला. मी तो बसवू दिला नाही. एमसीबी आधी भिंतीतल्या वायरीला जपण्यासाठी असतो. १६ अँपिअरच्या हिशेबाने टाकलेल्या वायरीवर ३२ चा बसवला, तर वायर तापत राहील आणि एमसीबी शांत बसेल.

खरे कारण कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये आहे. त्यात येणारी २३० व्होल्टची लाइन आधी ब्रिज रेक्टिफायरमधून जाते आणि मोठ्या कपॅसिटरना साधारण ३२५ व्होल्टपर्यंत भरते, कारण २३० व्होल्ट एसीचे शिखर तेवढे असते. साध्या सप्लायमध्ये ६८० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर एकापाठोपाठ जोडलेले असतात, म्हणजे मिळून ३४० मायक्रोफॅरड. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी जवळजवळ शॉर्टसारखाच वागतो. त्या क्षणी करंटला अडवतो तो फक्त वाटेतला रोध. घरापर्यंतची लाइन, वायरिंग आणि सप्लायचे आतले भाग मिळून तो १ ओहमच्या आसपास धरला आणि बटण नेमके लाइनच्या शिखरावर दाबले गेले, तर ३२५ अँपिअरचा झटका बसेल. चालू कॉम्प्युटर मात्र सतत एखादाच अँपिअर घेत असतो.

हा झटका आवरण्यासाठी लाइनच्या वाटेत काळी किंवा हिरवी, बटणाएवढी एक चकती घातलेली असते. तीच एनटीसी. थंड असताना तिचा रोध जास्त, तापली की कमी. १०-डी-११ असा छाप असलेली चकती २५ अंश सेल्सिअसला १० ओहमची आणि ११ मिलिमीटर व्यासाची असते. वाटेतला १ ओहम धरून एकूण ११ ओहम झाले, म्हणजे झटका ३० अँपिअरवर आला. कपॅसिटर काही मिलिसेकंदांत भरतो. पुढे चालू करंटनेच चकती शंभर अंशांच्या वर तापते आणि तिचा रोध घसरून १ ओहमच्या जवळ येतो. तिथे साधा १० ओहमचा रोधक ठेवला असता, तर तो दहा वॉटच्या वर उष्णता सतत वाया घालवत बसला असता.

अडचण इथेच आहे. चकती काम करते ती थंड असेपर्यंत, आणि थंड व्हायला तिला वेळ लागतो. लाइट गेली की चालू कॉम्प्युटर कपॅसिटरमधली बरीचशी ऊर्जा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास खाऊन टाकतो. त्यानंतर स्टँडबायचे सर्किट काही सेकंदांत व्होल्टेज शंभरच्या आसपास आणते. कपॅसिटर असा भराभर रिकामा होतो, चकती मात्र दहा सेकंदांनीही शंभर अंशांच्या जवळपासच असते. एवढ्यात लाइट आली, तर उरलेल्या २२५ व्होल्टसमोर एकूण २ ओहमच उभे असतात: एका कॉम्प्युटरला ११० अँपिअर. आणि आता सहाही कॉम्प्युटर एकाच क्षणी लाइन ओढतात. सामाईक वायरीचा रोध मध्ये असल्याने करंट सहापट होत नाही, तरी माझ्या हिशेबाने तो ३०० अँपिअरच्या घरात जातो. सी-१६ एमसीबीचा चुंबकी भाग ८० ते १६० अँपिअरला झटकन पडण्यासाठी बनवलेला असतो. झटका दीड-दोन मिलिसेकंदांचाच असल्याने कधी तो निसटतो, कधी पकडला जातो. शिवाय लाइट लहरीच्या कोणत्या बिंदूवर परत आली यावरही झटका कमीजास्त होतो. म्हणूनच हा दोष दर वेळी दिसत नाही आणि वायरमनला सापडत नाही.

आपल्या नागपूरच्या मे महिन्याची यात भर पडते. चकतीवरचे १० ओहम २५ अंशांसाठी असतात. बंद खोलीत, सप्लायच्या डब्यात ५० अंश असले, तर न चालवलेली चकतीसुद्धा साडेचार ओहमचीच उरते. थंडीत धड चाललेली जोडणी उन्हाळ्यात का त्रास देते, याचे उत्तर बऱ्याच अंशी यात आहे.

क्लासमध्ये आम्ही केले ते एवढेच. लाइट गेली की सगळ्यांची बटणे भिंतीवरून बंद करायची, लाइट आल्यावर तीन मिनिटे थांबायचे आणि मग एकेक सुरू करायचा. एका मिनिटात चकती निम्मीही सावरत नाही, म्हणून तीन म्हणतो. तेव्हापासून एमसीबी पडलेला नाही.

दुरुस्ती करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. तडकलेली एनटीसी काढून तिच्या जागी वायरचा तुकडा लावलेले सप्लाय मी अनेक वेळा पाहिले आहेत. सप्लाय चालतो, गिऱ्हाईक खूश होते. पण त्यानंतरचा प्रत्येक झटका फ्यूज आणि बटणाचे कॉन्टॅक्ट सोसतात. कॉन्टॅक्ट हळूहळू जळतात, कधी चिकटूनच बसतात. नवी चकती काही रुपयांत मिळते. बसवताना ओहमबरोबर आकारही बघा. कपॅसिटरमध्ये जेवढी ऊर्जा साठते, जवळपास तेवढीच भरताना वाटेत उष्णता होते; इथे ती १८ ज्यूल आहे आणि त्यातली बहुतेक चकतीतच उतरते. लहान चकती काही दिवसांत तडकते. दोन लहान चकत्या शेजारी-शेजारी जोडूनही भागत नाही, कारण जी आधी तापेल तिचा रोध उतरतो आणि सगळा करंट तीच ओढून घेते.

व्होल्टेज वाढून नुकसान झाले की नुसता झटका बसला, हे ओळखायला सप्लाय उघडून जादा व्होल्टेज स्वतःवर झेलणारा एमओव्ही पाहावा. तो फुटलेला किंवा काळवंडलेला असेल, तर व्होल्टेजवर संशय घ्यावा. तो धड आहे, ब्रिज धड आहे आणि फ्यूजची तार काच काळी न करता मधोमध तुटली आहे, तर आधी एनटीसी थंड असताना मीटरवर मोजा. तिच्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा ती खूप वेगळी दिसली, तर बदला. नवा सप्लाय घेणाऱ्यांनी रिले असलेला मागावा. त्यात कपॅसिटर भरल्यावर रिले एनटीसीला बगल देतो, त्यामुळे ती कॉम्प्युटर चालू असतानाही थंड राहते आणि दहा सेकंदांनी लाइट परत आली तरी झटका आवरते.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक (इलेक्ट्रॉनिक्स), नागपूर