तक्रार: ‘जागा मोकळी करा’ म्हणून पुसलेला संवाद सगळ्याच उपकरणांवरून गायब

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मेसेज सिंक, डिलीट आणि तुमच्या हेल्पलाइनने दिलेला सल्ला

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. तिथून काही होणार नाही हे आता पक्कं कळलं, म्हणून हे पत्र.

तुमच्या लॅपटॉपने डिस्क भरत आल्याचं सांगून मेसेज क्लाउडवर ठेवायला सुचवलं. मी ‘हो’ म्हटलं. मग फोननेही तेच सुचवलं, तिथेही ‘हो’ म्हटलं. जुने फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर गेले, उपकरणांवर अलीकडचे तेवढे राहिले. इथवर ठीक. पण याच स्क्रीनवर, याच ‘जागा वाचवा’ मथळ्याखाली, सगळ्यात मोठ्या संवादांची यादी येते आणि प्रत्येकापुढे ‘डिलीट’. घरदुरुस्तीच्या ठेकेदाराशी झालेला संवाद त्यात सगळ्यात वर होता, ११ जीबीचा. सगळं क्लाउडवर आहे आणि लॅपटॉपवरही दिसतंय म्हणून फोनवरून तो काढला. तो लॅपटॉपवरून गेला, टॅबवरून गेला आणि क्लाउडवरूनही गेला.

एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी असलेल्या दोन पर्यायांपैकी एक वस्तू हलवतो आणि दुसरा ती नष्ट करतो. दोन्हींवर पाटी मात्र एकच, ‘जागा वाचवा’. हे तुम्हाला माहीत नाही असं मी मानत नाही. तुम्हीच बनवलंय.

त्या संवादात फरशी बसवण्याआधी काढलेले न्हाणीघराच्या पाइपांचे फोटो होते. आता भिंत पाझरते आहे आणि पाइप कुठून गेलाय हे फक्त त्या फोटोंत होतं. गळती सुरू झाली तोवर ‘नुकतेच हटवलेले’ फोल्डरची ३० दिवसांची मुदत उलटून गेली होती.

आता आजचा फोन. तुमच्या प्रतिनिधीचा पहिला प्रश्न: “मॅडम, डिलीट तुम्हीच केलंत ना?” मी हो म्हटलं. “मग तसंच होणार ना.” यानंतर तोडगा आला: फोन पूर्ण पुसून टाका आणि क्लाउडवरच्या जुन्या बॅकअपमधून परत उभा करा, सगळं येईल. मी विचारलं, सिंक चालू असताना मेसेज बॅकअपमध्ये जातात का? “हो मॅडम, बॅकअपमध्ये सगळं असतं.” मी म्हटलं, खात्री करून सांगा. मग संगीत. बराच वेळ संगीत. परत आल्यावर अगदी शांत आवाजात, “नाही मॅडम, सिंक चालू असेल तर मेसेज बॅकअपमध्ये नसतात. ते क्लाउडवर असतात.” आणि क्लाउडवर? “तिथून तुम्ही डिलीट केलेत.” वर “आणखी काही मदत हवी आहे का?” हेही विचारलं. म्हणजे मी तो प्रश्न विचारला नसता, तर यांच्या सांगण्यावरून धडधाकट फोन पुसून बसले असते. मिळालं काहीच नसतं. तुमच्या प्रशिक्षण विभागाचं मनापासून अभिनंदन.

बाहेरच्या डिस्कवर लॅपटॉपचा बॅकअप आहे, तोही पाहिला. मजकूर सापडला, फोटो नाहीत. कारण तुमच्या त्याच सोयीने जुनी जोडपत्रं लॅपटॉपवरून आधीच उचलली होती, आणि जे डिस्कवर नाही ते तिच्या बॅकअपमध्ये कुठून येणार? जागा वाचली खरी.

एकाच उपकरणावरून मेसेज काढायचे तर आधी त्या उपकरणाचं सिंक बंद करायचं, मगच पुसायचं. हेही हेल्पलाइनने नाही, मीच शोधलं. पण सिंक बंद करायला गेलं की फोन म्हणतो, आधी क्लाउडवरचे मेसेज उतरवून घेतो. म्हणजे जागा नाही म्हणून आलेल्या माणसाने आधी जागा करायची. पुढे कधी सिंक चालू केलं की पुसलेलं क्लाउडवरून परत फोनवर हजर. याला सोय म्हणतात का?

माझ्या मागण्या: त्या यादीतल्या ‘डिलीट’वर बोट ठेवताच ‘हे क्लाउडसकट सगळ्या उपकरणांवरून जाईल’ असं त्याच ठिकाणी लिहा. ‘या उपकरणावरून काढा, क्लाउडवर ठेवा’ असा निवडता येणारा पर्याय द्या. आणि मेसेज बॅकअपमध्ये आहेत की नाहीत हे तपासल्याशिवाय फोन पुसायला सांगू नका. पुन्हा सांगते, एकाच मथळ्याखाली हलवणं आणि नष्ट करणं ठेवू नका.

इतकी वर्षं फोन, टॅब, लॅपटॉप सगळं तुमचंच घेतलं, ते एकमेकांशी जुळतं म्हणून. आता ते इतकं जुळतं की एकावर पुसलं की कुठेच उरत नाही. लेखी उत्तर हवं आहे, प्रतिनिधीचा फोन नको. ते पंधरा दिवसांत आलं नाही तर ग्राहक न्यायालयात जाईन. क्लाउडच्या वाढीव जागेचे पैसे तर पुढच्या महिन्यापासून भरणारच नाही. तत्पूर्वी माझे उरलेले मेसेज मूळ फोटोंसकट माझ्या डिस्कवर कसे उतरवून घ्यायचे, तेही त्याच उत्तरात लिहा.

तुमची (अजून तरी) ग्राहक