रविवारी अ‍ॅडमिट, शुक्रवारचा रेट, आणि वर मलाच ऐकवलंत

विषय: ट्रॅव्हल पॉलिसीच्या मेडिकल क्लेममध्ये चुकीच्या तारखेचा युरो रेट लावून 26,450 रुपये कमी दिले त्याबद्दल

ग्रीव्हन्स ऑफिसर,

तुमच्या क्लेम डिपार्टमेंटचा फोन आत्ता दहा मिनिटांपूर्वी ठेवला. हा सातवा फोन होता आणि यापुढे मी फोन करणार नाही, जे काय ते लेखी. पॉलिसी नंबर आणि क्लेम नंबर ईमेलच्या विषयात घातलाय. केस पहिल्यापासून सांगत बसत नाही, फाईल तुमच्याकडे आहे, फक्त ज्या तारखांवरून भांडण आहे तेवढ्या परत लिहितो कारण तुमच्या माणसांना त्या दर वेळी नव्याने सांगाव्या लागतात.

आम्ही दोघं फोंड्याहून लिस्बनला मुलाकडे गेलो होतो. तिथे माझ्या बायकोच्या पोटात एका रविवारी पहाटे दुखायला लागलं, अपेंडिक्स निघालं, त्याच दिवशी प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, बुधवारी डिस्चार्ज. बिल 4,800 युरो. अ‍ॅडमिट केल्यावर दोन तासांच्या आत मुलाने तुमच्या असिस्टन्स नंबरवर कळवलं होतं आणि तुमच्याकडून सांगितलं गेलं की कॅशलेस होईल, पेमेंटची गॅरंटी थेट हॉस्पिटलला पाठवतो. त्या शब्दावर हॉस्पिटलने आमची सही घेऊन सोडलं. ती गॅरंटी कधीच गेली नाही. आम्ही गोव्याला परत आलो, इथे पाऊस सुरू झाला, आणि सात आठवड्यांनी तुमचा ईमेल आला की कॅशलेस मंजूर नाही, बिल तुम्ही भरा आणि रिएम्बर्समेंट मागा. ईमेल गुरुवारी आला, शनिवारी मी फोंड्यातूनच हॉस्पिटलच्या पेमेंट लिंकवर माझ्या क्रेडिट कार्डाने अख्खे 4,800 युरो भरले. दोन दिवसात भरले, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रेटचं. तुमच्या पॉलिसीतला करन्सीचा क्लॉज मी इतक्या वेळा वाचलाय की पाठ झालाय. त्यात म्हटलंय की इन्शुअर्ड माणसाने स्वतः बिल भरलं असेल तर क्लेम रुपयात मिळेल, आणि हॉस्पिटलला पैसे दिले त्या तारखेचा रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेला रेट लावला जाईल, आणि त्या तारखेला रेट प्रसिद्ध झाला नसेल तर त्यानंतरचा जो पहिला रेट येईल तो. यात दोन अर्थ निघायला जागाच नाही. शनिवार-रविवारी रेफरन्स रेट येत नाही, म्हणून शनिवारच्या पेमेंटला सोमवारचा रेट. तो होता 96 रुपये 70 पैसे.

तुम्ही लावला 91 रुपये 20 पैसे. हा कुठून आला ते शोधायला मला दोन संध्याकाळ लागल्या कारण तुमच्या सेटलमेंट लेटरमध्ये रेट लिहिलाय पण तारीख लिहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या साईटवर रेफरन्स रेटचं आर्काइव्ह असतं, तारीख टाकली की डॉलर, पाउंड, युरो, येन सगळ्यांचे रेट दिसतात. 2018 पासून हे रेट एफबीआयएल काढते पण ते तिथेही बघायला मिळतात, फुकट, कुणालाही. तिथे एकेक दिवस मागे जात राहिलो तेव्हा 91.20 सापडला, बायको अ‍ॅडमिट झाली त्याच्या आदल्या शुक्रवारचा. म्हणजे तुम्ही अ‍ॅडमिशनची तारीख धरलीत, तो रविवार निघाला, म्हणून मागे गेलात. क्लॉज म्हणतो पुढचा रेट, तुम्ही घेतला मागचा. त्या रविवारनंतरच्या सोमवारी 91.85 होता. म्हणजे चूक तारीख घेतली ती घेतलीच, त्या चूक तारखेचा नियमही चुकीचा लावला, आणि दोन्ही वेळा पैसे माझेच कमी झाले.

आणि डिडक्टिबल. पॉलिसीत 100 डॉलर आहे, ते कापायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते कापताना तुम्ही 87.40 चा डॉलर धरलाय, हा सेटलमेंटच्या दिवसाचा रेट. एकाच कागदावर मला द्यायचे पैसे सर्वात जुन्या तारखेने आणि माझ्याकडून कापायचे पैसे सर्वात नव्या तारखेने. फरक थोड्याशा रुपयांचा आहे, पण हे बघितल्यावर मला कळलं की कुणीतरी तारखा निवडल्यात.

हिशोब असा. 96.70 ने 4,800 युरोचे होतात 4,64,160 रुपये. त्याच सोमवारच्या 86.90 ने 100 डॉलरचे 8,690 वजा करा, राहिले 4,55,470. तुम्ही दिले 4,29,020. बाकी 26,450.

मी यापेक्षा एक रुपया जास्त मागत नाहीये. माझ्या कार्डाच्या स्टेटमेंटवर याच 4,800 युरोचे सुमारे 4,85,300 रुपये लागलेत, कारण कार्डवाले स्वतःचा रेट लावतात, त्यावर बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप आणि मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे तुम्ही योग्य रेट लावला तरी मला जवळजवळ तीस हजाराचा फटका आहेच. तो मी मागितला नाही कारण क्लॉजमध्ये रिझर्व्ह बँकेचा रेट लिहिलाय, कार्डाचा नाही, आणि पॉलिसी घेताना ते मी मान्य केलं. मी क्लॉज पाळतोय, तुम्हीही पाळा एवढंच.

आता आजचा फोन. पंचवीस मिनिटं होल्डवर ठेवून एका सीनियर साहेबांना दिला. मी क्लॉजचा पान नंबर सांगितला, तो उघडून बघा म्हटलं. म्हणाले, अंकल, सगळ्या क्लेमला डेट ऑफ लॉसच लागते, सिस्टीमच तशी आहे. मी म्हटलं, डेट ऑफ लॉस तुमच्या पॉलिसीत आहे, पण ती घटना पॉलिसीच्या मुदतीत झाली का आणि तुम्हाला वेळेत कळवलं का हे बघायला, करन्सीच्या क्लॉजमध्ये तो शब्दच नाही. हेही सांगितलं की काही कंपन्यांच्या पॉलिसीत खरंच डेट ऑफ लॉसचा रेट असतो, काहींच्यात बिलाच्या तारखेचा, काहींच्यात डिस्चार्जच्या दिवसाचा, माझ्या मेहुण्याच्या पॉलिसीत बिलाची तारीख आहे, तुमच्यात तसं लिहिलं असतं तर मी फोनच केला नसता. पण तुमच्यात पेमेंटची तारीख आहे. तुमचीच पॉलिसी, तुम्हीच लिहिलेली.

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अंकल, तुम्ही बिल लगेच का नाही भरलं? युरो वाढायची वाट बघत होता का?"

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. परत विचारलं, काय म्हणालात? तर शांतपणे तेच परत. वर, "इन्शुरन्स हा कमवायला नसतो अंकल, नुकसान भरून द्यायला असतो." मी 63 वर्षांचा माणूस आहे, 31 वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवलं, कुणाचा एक पैसा बुडवला नाही. बायको ऑपरेशन थिएटरमध्ये होती तेव्हा मी बाहेर बाकावर बसून तुमच्या असिस्टन्सवाल्यांना पासपोर्टचे फोटो पाठवत होतो. सात आठवडे हॉस्पिटलचे रिमाइंडर मुलाच्या नावाने येत होते, तिसऱ्यात वसुलीला देऊ असं होतं, मुलगा तिथे नोकरी करतो, त्याला किती ओशाळं वाटलं असेल. ते सगळे रिमाइंडर मी तुम्हालाच फॉरवर्ड केले आणि दर वेळी उत्तर एकच, अंडर प्रोसेस आहे. तो उशीर तुम्ही केलात. माझा उशीर दोन दिवसांचा, तोही बँकेत कार्डाची इंटरनॅशनल लिमिट वाढवून घ्यायला गेला. आणि तुमचा माणूस मला विचारतो की तुम्ही युरोवर पैसे कमवत होता का! मी त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, ओके अंकल, नोट करून घेतलंय, आणि फोन ठेवला. माफी नाही.

फोन रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला सांगता. ते रेकॉर्डिंग काढून ऐका, आणि डिलीट करू नका, पुढे लागेल.

पेमेंटच्या तारखेचा पुरावा नाही असंही मागच्या एका फोनवर ऐकवलं गेलं, म्हणून परत जोडतोय. हॉस्पिटलचे दोन वेगळे कागद आहेत, फातुरा म्हणजे बिल, त्यावर डिस्चार्जची तारीख आहे, आणि रेसिबू म्हणजे पावती, त्यावर मी पैसे भरले त्या शनिवारची तारीख आहे. तुमच्या माणसाने बहुतेक फातुराच बघितला. कार्ड स्टेटमेंटही जोडलंय, त्यात ट्रान्झॅक्शन डेट शनिवार आणि पोस्टिंग डेट मंगळवार आहे, पैसे दिल्याची तारीख म्हणजे ट्रान्झॅक्शनची, मंगळवार धरून नवा घोळ घालू नका. पोर्तुगीज कागदांचं भाषांतर तुम्ही मागितलंत तेव्हाच पणजीहून करून पाठवलंय.

वडिलांच्या काळापासून आमच्या घरात तुमच्या पॉलिसी आहेत. शाळेतल्या किमान पाच-सहा जणांना मीच सांगून तुमची ट्रॅव्हल पॉलिसी घ्यायला लावली, त्यातले दोघे येत्या महिन्यात मुलांकडे लंडनला जाणार आहेत, काल त्यातल्या एकाने विचारलं क्लेमचं काय झालं, आणि मला काय सांगावं ते कळेना. त्याला तुमचं नाव मी सुचवलं होतं, म्हणून जास्त लागलं.

आता मला लेखी उत्तर हवं आहे, त्यात 91.20 हा रेट कुठल्या तारखेचा आणि कुठल्या क्लॉजने लावला ते लिहा. फोनवर नको. 26,450 रुपये आणि उशिराचं व्याज, बँक रेट अधिक दोन टक्के, माझ्या त्याच खात्यात जमा करा. ही तक्रार मी आजच आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही टाकतोय. एक महिन्यात तुमच्याकडून उत्तर नाही आलं किंवा परत हेच सिस्टीमचं उत्तर आलं तर विमा लोकपालांकडे जाणार, गोव्याचे क्लेम मुंबई ऑफिसला जातात तेही मी बघून ठेवलंय, त्याला फी नाही आणि वकील लागत नाही. क्लॉज, रेसिबू, दोन्ही सोमवारचे रेट आणि आजच्या कॉलची वेळ एवढंच घेऊन जाईन.

आणि ज्यांनी मला तो प्रश्न विचारला त्यांनी माझी माफी मागावी, तीही लेखी.

फोंडा, गोवा