‘त्वरित कार्यवाही करावी’ लिहून हप्ता हलत नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या विद्यार्थी पुरवणीत शिष्यवृत्ती कार्यालयाला पाठवायच्या ईमेलचा जो नमुना छापला आहे, तो वाचून राहवले नाही म्हणून लिहितो आहे. वसतिगृहाची फी भरायची मुदत तोंडावर आली असताना शेकडो मुले त्या नमुन्याची जशीच्या तशी नक्कल करून पाठवतील आणि त्यांचे आठ-दहा दिवस फुकट जातील. नमुन्यात ‘मी गरीब कुटुंबातील होतकरू विद्यार्थी असून’ आहे, ‘माझे शैक्षणिक नुकसान होत आहे’ आहे, शेवटी ‘त्वरित कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती’ही आहे. अर्ज क्रमांक मात्र नाही. कोणता हप्ता, हे नाही. पोर्टलवर आज काय दिसते, हे नाही. कार्यालयात तो मेल उघडणाऱ्याने नेमकी कोणती नोंद काढून पाहायची?

हप्ता अडकतो म्हणजे तो कुठेतरी अडकलेला असतो, आणि ती जागा कळल्याशिवाय मेल कोणाला लिहायचा हेच ठरत नाही. अर्ज अजून महाविद्यालयाच्या पडताळणीत असेल, तर शिष्यवृत्ती कार्यालयाला लिहून उपयोग नाही. महाविद्यालयातल्या संबंधित लिपिकाने चालू सत्राचा प्रवेश कायम असल्याची खूण केल्याशिवाय तो अर्ज पुढे सरकतच नाही. निधीच आलेला नसेल, तर कितीही उत्तम मेल लिहिला तरी पैसे लवकर येणार नाहीत. अशा वेळी कार्यालयाकडे वसतिगृहाच्या नावाने पत्र तेवढे मागावे. या दोन्ही गोष्टी निदान पोर्टलवर दिसतात तरी. सगळ्यात जास्त मुले फसतात ती तिसऱ्या जागी, जिथे पोर्टल ‘रक्कम अदा’ म्हणते आणि खात्यात छदाम नसतो. आपल्या नमुन्यात या प्रकाराचा उल्लेखही नाही.

‘अदा’ याचा अर्थ कार्यालयाने बँकेला यादी दिली आणि बँकेने रक्कम पाठवली, एवढाच. विद्यार्थ्याच्या खात्यात ती जमा झाली, असा त्याचा अर्थ नाही. खाते बंद असेल किंवा खाते क्रमांकात एखादा आकडा चुकलेला असेल, तर पाठवलेली रक्कम परत येते. परत येताना ती कार्यालयाच्या खात्यात व्यवहार क्रमांकासह, म्हणजे यूटीआरसह येते. सोबत कारण लिहिलेले असते, पण विद्यार्थ्याचे नाव ठळकपणे समोर असतेच असे नाही. अशा परत आलेल्या रकमा मूळ यादीशी एकेक जुळवून पाहाव्या लागतात. ते जुळवणे होईपर्यंत पोर्टलवरचा शेरा ‘रक्कम अदा’ असाच राहतो. पैसे कार्यालयाकडेच परत आलेले असतात आणि कार्यालयच ‘तुम्हाला दिले’ म्हणून सांगत असते. यात कोणी खोटे बोलत नाही. दोन नोंदवह्या एकमेकींशी जुळवायच्या राहिलेल्या असतात, इतकेच.

एक उदाहरण तारखांसकट मांडतो, कारण तारखांतच सगळे आहे. एका विद्यार्थिनीने गावाकडचे जुने बचत खाते बंद करून महाविद्यालयाजवळच्या शाखेत नवे उघडले. नवा क्रमांक तिने महाविद्यालयात दिला, शिष्यवृत्तीच्या अर्जात मात्र जुनाच राहिला. पहिला हप्ता त्याआधीच मिळालेला होता, त्यामुळे शंका येण्याचे कारण नव्हते. दुसरा हप्ता ५ जानेवारीच्या यादीत गेला आणि ‘खाते बंद’ या कारणाने ६ तारखेला परत आला. वसतिगृहाची मुदत ३१ जानेवारी होती. तिने १२ तारखेला मेल केला, तो आपल्या नमुन्यासारखाच. १९ तारखेला उत्तर आले: ‘आपली रक्कम अदा झालेली आहे, कृपया बँकेशी संपर्क साधावा.’ २१ तारखेला ती नव्या शाखेत गेली. तिथे सांगितले, आमच्याकडे काही आलेले नाही. ते खरेच होते, कारण रक्कम त्या खात्याकडे पाठवलेलीच नव्हती.

शेवटी २७ तारखेला तिने दुसरा मेल लिहिला. त्यात अर्ज क्रमांक, दुसरा हप्ता, ‘अदा’ची तारीख आणि नोंदीतल्या खात्याचे शेवटचे चार आकडे दिले, आणि रक्कम परत आली आहे का, असे सरळ विचारले. दुसऱ्याच दिवशी रक्कम सापडली. ३० तारखेला तिने नव्या खात्याचा रद्द केलेला धनादेश जोडला. या कार्यालयाच्या याद्या महिन्याच्या ५ आणि २० तारखेला जातात आणि दुरुस्त्या तीन दिवस आधीपर्यंतच घेतात. त्यामुळे नवा क्रमांक ५ फेब्रुवारीच्या यादीत आला आणि ६ तारखेला पैसे जमा झाले. तोवर वसतिगृहाचा विलंब आकार लागून चुकला होता. आता १२ जानेवारीकडे परत जाऊन पाहा. हाच दुसरा मेल त्या दिवशी गेला असता, तर १७ तारखेच्या आत दुरुस्ती होऊन नाव २० तारखेच्या यादीत बसले असते आणि मुदतीच्या दहा दिवस आधी रक्कम हातात आली असती. कार्यालय तेच, नियम तेच, पैसेही तेच. मेल चुकीचा गेला म्हणून एक यादी हुकली.

म्हणून पुढच्या पुरवणीत जागा द्याल तर हा मजकूर छापा:

‘विषय: अर्ज क्र. ____, दुसरा हप्ता, ५ जानेवारीस अदा दिसतो, जमा नाही.

महोदय, वरील अर्जाचा दुसरा हप्ता पोर्टलवर ५ जानेवारी रोजी अदा दाखवला आहे. अर्जात नोंदवलेल्या खात्याचे शेवटचे चार आकडे ____ आहेत. हे खाते सध्या चालू आहे / बंद केले आहे. कृपया कळवावे: १) या व्यवहाराचा यूटीआर काय आहे, २) रक्कम परत आली आहे का आणि कोणत्या कारणाने, ३) खाते बदलायचे असल्यास पुढच्या यादीसाठी कागद कोणत्या तारखेपर्यंत द्यावे लागतील. वसतिगृह शुल्काची मुदत ३१ जानेवारी आहे. तोपर्यंत रक्कम जमा होणे शक्य नसल्यास, मंजूर रक्कम आणि अपेक्षित यादीची तारीख नमूद करून वसतिगृह कार्यालयाच्या नावे पत्र द्यावे.’

एवढे पुरे. खाली नाव, अभ्यासक्रम आणि वर्ष, आणि नोंदणी केलेला मोबाइल क्रमांक. खाते चालू असेल तर ‘अदा’च्या तारखेपासून मेल पाठवण्याच्या दिवसापर्यंतचा खातेउतारा जोडावा. आदल्या महिन्याचा उतारा जोडला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि योग्य तारखांचा उतारा मागायला कार्यालयाला पुन्हा मेल करावा लागतो. उतारा बँकेच्या ॲपमधून पीडीएफ काढून जोडावा. मोबाइलने काढलेल्या पासबुकाच्या फोटोत शेवटची ओळ नेमकी कापली जाते.

यूटीआर का मागायचा, तेही सांगतो. तो हातात असेल तर बँकेतला माणूस त्या एका व्यवहाराचा माग काढू शकतो. तो नसेल तर त्याला फक्त तुमचे खाते उघडून ‘काही आले नाही’ एवढेच सांगता येते. शाखेत रिकाम्या हाताने गेलेल्या मुलांना बँक हाकलते असे नाही. शोधायला तिच्यापाशी धागाच नसतो.

आणखी एक. उत्तर आले नाही म्हणून मुले रोज नवा मेल पाठवतात. जिथे प्रत्येक नव्या मेलला नवा तक्रार क्रमांक पडतो, तिथे तीच तक्रार रोज रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते आणि वेगवेगळ्या टेबलांवर पोहोचते. आठवण करून द्यायची तर पहिल्याच मेलला उत्तर म्हणून द्यावी, म्हणजे जुना क्रमांक आणि जोडलेले कागद सोबत राहतात. तीन कामाचे दिवस थांबून एकदा आठवण द्यावी. पुढच्या यादीची मुदत त्याआधीच संपत असेल, तर थांबू नये, फोन करून तक्रार क्रमांक सांगावा.

छापलेल्या नमुन्यातली एक गोष्ट मात्र नुसती कुचकामी नाही, धोक्याची आहे. त्यात पूर्ण खाते क्रमांक, जन्मतारीख आणि ओळखपत्राचा फोटो अशा तिन्ही गोष्टी एकाच मेलमध्ये द्यायला सांगितल्या आहेत आणि ‘प्रत’ म्हणून आणखी चार पत्त्यांवर पाठवायला सांगितले आहे. नोंद शोधायला अर्ज क्रमांक आणि खात्याचे शेवटचे चार आकडे पुरतात. पूर्ण क्रमांक खाते बदलताना लागतो, तेव्हा तो पोर्टलवरच्या दुरुस्तीच्या अर्जात भरावा किंवा कार्यालयाने मागितल्यावर त्याच एका पत्त्यावर द्यावा. कृपया ही दुरुस्ती तरी छापाच.

वसतिगृहांबद्दलही बोलायला हवे. वर ज्या पत्राचा उल्लेख केला, ते मुदतीच्या आत वसतिगृह कार्यालयात पोहोचले तर मुदतवाढ देणे रेक्टरना सोपे जाते, कारण त्यांना फायलीत लावायला कागद मिळतो. मुदत उलटून विलंब आकार एकदा हिशेबात चढला की तो काढायला वरची मंजुरी लागते आणि सहसा तो तसाच राहतो. म्हणून पत्र यायचे असेल तरी वसतिगृहाला वेगळा मेल आधीच करावा आणि कार्यालयाला केलेल्या मेलची प्रत त्याला जोडावी. पण कित्येक वसतिगृहे पावती देतात ती एकाच ठोक आकड्याची. निवास शुल्क, भोजन शुल्क आणि परत मिळणारी अनामत असे सगळे एकत्र लिहितात. शिष्यवृत्तीत निवास शुल्क धरलेले असते आणि अनामत धरलेली नसते, तेव्हा अशा पावतीवर शिष्यवृत्तीवाले शेरा मारतात आणि हप्ता पुन्हा थांबतो. पावतीवर तीन ओळी वेगळ्या लिहायला कारकुनाला अर्धे मिनिट जास्त लागेल. त्या न लिहिल्यामुळे मुलांचे महिने जातात, आणि मग त्याच मुलांकडून तीच वसतिगृहे विलंब आकार घेतात. हे मला अन्यायाचे वाटते आणि ते स्पष्ट लिहिणे भाग आहे.

ज्यांचा हप्ता आज ‘रक्कम अदा’ दिसतो आहे आणि खात्यात नाही, त्यांनी कालचा नमुना बाजूला ठेवावा आणि आधी पोर्टलवर जाऊन अर्जात नोंदवलेल्या खात्याचे शेवटचे चार आकडे पासबुकाशी ताडून पाहावेत.

आपला,
शिष्यवृत्ती लेखा विभागातील एक निवृत्त कर्मचारी